निरसं दूध: तापवण्याआधी, तापवताना आणि तापवल्यावर

माझ्या चुलतबहिणीच्या घरी रोज दोन लिटर म्हशीचं सुटं दूध येतं. घरात दूध न तापवता कुणी पीत नाही. तरी एप्रिलमध्ये तिच्या अडीच वर्षांच्या मुलाला महिन्यात दोनदा जुलाब झाले. दुसऱ्या खेपेला मी तिथेच होते, म्हणून सकाळी ओट्यापाशी उभी राहून नुसती बघत बसले. गवळ्याने घातलेलं दूध तिने एका पातेल्यात घेतलं, ते गाळून दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात तापवलं, आणि निवल्यावर पुन्हा पहिल्या पातेल्यात ओतलं, कारण त्याच्यावर झाकण नीट बसतं. पहिलं पातेलं तिने नळाखाली नुसतं विसळलं होतं. दूध व्यवस्थित उकळलं होतं, पण ज्या भांड्यात निरसं होतं त्यातच ते परत गेलं.

पोराचे जुलाब त्यानेच झाले असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या वयाची मुलं जमिनीवरचंही तोंडात घालतात. पण दुधाच्या बाबतीत मला बहुतेक घरांत हेच दिसतं. विस्तवावरची पाच मिनिटं ठीक जातात, चुका होतात त्याच्या आधी आणि नंतर. शिवाय काही निरसं दूध विस्तवापर्यंत पोचतच नाही. ते चीक, पंचामृत, लोणी अशा वाटांनी थेट पोटात जातं.

खालचा क्रम मुख्यतः गवळ्याकडून किंवा गोठ्यातून येणाऱ्या सुट्या दुधासाठी आहे. पिशवीच्या दुधाचं वेगळं सांगितलं आहे.

## १. आधी ठरवा: हातातलं दूध कोणतं?

गवळ्याचं, गोठ्यावरचं, डेअरीतून किटलीने आणलेलं दूध निरसं धरायचं. गवळ्याने सांगितलं, "ताई, आत्ताच धार काढलीय," तरीही. धारोष्ण दूध गरम लागतं ते जनावराच्या अंगाच्या उष्णतेने, म्हणजे साधारण 38-39 अंशांनी. या तापमानाला जंतू मरत नाहीत, उलट झपाट्याने वाढतात. दूध सडात स्वच्छ असलं तरी सडाची कातडी, शेण, धार काढणाऱ्याचे हात, बादली आणि माप या सगळ्यांतून जाऊन ते आपल्याकडे येतं. जनावर दिसायला धडधाकट असलं तरी त्याच्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येऊ शकतात.

पिशवीतलं दूध पाश्चराइज केलेलं असतं. म्हणजे ते 72 अंशांना किमान 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. पिशवी अखंड असेल आणि कारखान्यापासून तुमच्या फ्रिजपर्यंत ती थंड राहिली असेल, तर ते न तापवता पिता येतं. आपल्याकडे अडचण त्या दुसऱ्या अटीची आहे. पहाटे दुकानाबाहेर क्रेटमध्ये पडून राहिलेली पिशवी हाताला कोमट लागते. अशी पिशवी तापवायचीच. लहान मुलाच्या घरात मी थंड पिशवीही एकदा तापवून घेते, पण एकदाच. दिवसातून चार वेळा उकळण्याची गरज नाही.

टेट्रा पॅकमधलं दूध त्याहून बरंच जास्त तापवून बंद केलेलं असतं. फोडेपर्यंत त्याला फ्रिज लागत नाही, फोडल्यावर मात्र ते इतर दुधासारखंच नाशवंत.

तपासा: हल्ली काचेच्या बाटलीतून "गोठ्यातून थेट" दूध घरपोच मिळतं. बाटली सुंदर असते, दूध बऱ्याचदा निरसंच असतं. लेबलवर "पाश्चराइज्ड" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर ते गवळ्याच्या दुधासारखंच वागवा.

## २. भांड्यांची तयारी

दोन पातेली ठेवा, एक निरशा दुधाचं आणि एक तापवण्याचं. तापवायचं पातेलं जाड बुडाचं आणि दुधाच्या दुप्पट मापाचं हवं. दोन लिटर दुधाला चार लिटरचं. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात दूध कधीच नीट उकळत नाही, कारण ते वर यायला लागलं की आपण घाबरून गॅस बंद करतो.

गाळायचं फडकं असेल तर ते रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवा, किंवा उकळत्या पाण्यात टाका. ओट्याच्या नळावर दिवसभर ओलं लटकणारं फडकं दूध गाळत नाही, त्यात भर घालतं. स्टीलची गाळणी बरी, तिच्या जाळीत साय मात्र अडकू देऊ नका.

डावही दोन. ज्या डावाने निरसं दूध ढवळलं, तो तापलेल्या दुधात पुन्हा जाता कामा नये. दूध उकळत असताना तो डाव आतच राहिला आणि त्याच्याबरोबर उकळला, तर हरकत नाही.

सावधान: निरशा दुधाचं पातेलं रिकामं झालं की आधी थंड पाण्याने विसळा आणि मग साबण आणि गरम पाण्याने घासा. एकदम गरम पाणी घातलं की दुधातली प्रथिनं भांड्याला चिकटून बसतात.

## ३. दूध आल्याबरोबर विस्तवावर

सुटं दूध आलं की लगेच तापवायचं. साडेसहाला दूध घेतलं, मग चहा, डबे, आंघोळी, आणि साडेनऊला दूध गॅसवर, हे उन्हाळ्यात चालत नाही. त्या तीन तासांत जंतू कितीतरी पटींनी वाढतात. शिवाय काही जंतू दुधात विष सोडतात. उदाहरणार्थ, हाताच्या जखमेतून येणारा स्टॅफिलोकॉकस. जंतू उकळल्यावर मरतो, त्याचं विष मात्र उकळूनही टिकतं. उशिरा तापवलेलं दूध म्हणूनच उकळून देखील उलट्या करवू शकतं.

लगेच जमणार नसेल तर निरसं दूध झाकून फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवा. खाली अशासाठी, की सांडलं तर कापलेल्या फळांवर किंवा कोशिंबिरीवर ठिबकू नये.

आणि एक. दुधात पाणी घालायचं असेल तर ते तापवण्याआधी घाला. लहान मुलाला दूध जड जातं म्हणून वाटीतल्या उकळलेल्या दुधात माठातलं पाणी मिसळणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. मग उकळण्याचा खटाटोप कशाला केला?

## ४. तापवणं आणि उकळणं

मराठीत आपण दूध "तापवतो". हा शब्द थोडा फसवा आहे, कारण मुलाला कोमट हवं म्हणून वाटीभर निरसं दूध गॅसवर धरलं तरी ते तापवणंच होतं. निरसं दूध प्रथम येतं तेव्हा ते उकळलंच पाहिजे. कोमट करणं नंतरचं.

दूध उतू जाण्याचं कारण लक्षात घेतलं तर पुढचं सोपं जातं. तापताना दुधावर साय धरते. तळाचं दूध उकळून त्याची वाफ होते आणि ती सायीखाली अडकते. फेस सायीला घेऊन वर येतो. म्हणजे फेस वर आला तेव्हा बुडाशी उकळी आहे, पण मोठ्या आचेवर, न ढवळलेल्या मोठ्या पातेल्यात सगळं दूध तितकंच तापलंय याची खात्री नाही. म्हणून पहिल्या उताला गॅस बंद करायचा नाही.

क्रम असा:

1. पातेल्यात आधी दोन चमचे पाणी फिरवून घ्या, दूध बुडाला कमी लागतं. मग दूध ओता.
2. मध्यम आचेवर ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून ढवळा. साय घट्ट धरू देऊ नका. दाट साय आत्ता नको, दूध निवताना ती आपोआप येते.
3. फेस वर यायला लागला की आच बारीक करा आणि ढवळा. फेस बसेल.
4. बारीक आचेवर दोन-तीन मिनिटं राहू द्या. फक्त कडेला नव्हे, मधोमधही बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत.
5. गॅस बंद करून स्वच्छ झाकण ठेवा.

जंतू मारायला खरं तर यातले काही सेकंदच पुरतात. बाकी मिनिटं सगळं दूध त्या तापमानाला पोचावं म्हणून. दहा-पंधरा मिनिटं आटवत ठेवल्याने दूध जास्त सुरक्षित होत नाही, फक्त काही ब जीवनसत्त्वं कमी होतात आणि दूध घट्ट होतं. कॅल्शियम आणि प्रथिनं राहतात.

शिट्टीचा दूध कुकर वापरत असाल तर: शिट्टी वाजते ती दुधाच्या नव्हे, दोन भिंतींमधल्या पाण्याच्या उकळीने. शिट्टी झाली की लगेच उतरवू नका. आच बारीक करून पाच मिनिटं ठेवा, एकदा ढवळा. मधल्या जागेतलं पाणी रोज तपासा.

मायक्रोवेव्ह: निरसं दूध पहिल्यांदा त्यात तापवू नका. कडेला भडकतं आणि मधे कोमट राहतं. उकळून ठेवलेलं गरम करायला ठीक.

दूध नासलं तर: विस्तवावर ठेवताच फाटलं तर दूध येण्याआधीच आंबट झालं होतं. लिंबू पिळून मुद्दाम फाडलेल्या ताज्या दुधाचं पनीर वेगळं आणि हे वेगळं. आपल्याआप नासलेल्या दुधाचं काही गोड करायचा मोह होतो. मुलांसाठी करू नका, आणि दूध उन्हातून कोमट आलं असेल तर सरळ टाका. दुसऱ्या दिवशी गवळ्याला धार किती वाजता काढली आणि किटली कशात ठेवली ते विचारा.

## ५. निववणं: इथे सगळ्यात जास्त घरं चुकतात

उकळल्यावर दुधात जंतू जवळजवळ राहत नाहीत. पण काहींचे बीजाणू उकळूनही तग धरतात आणि दूध कोमट झालं की जागे होतात. वरून हाताचे, माशीचे, डावाचे नवे येतातच. 60 अंशांपासून 5 अंशांपर्यंतचा पट्टा त्यांच्या सोयीचा. दूध त्या पट्ट्यातून जितक्या लवकर खाली जाईल तितकं बरं.

ओट्यावर झाकून ठेवलेलं दोन लिटर दूध निवायला तास-दीड तास सहज घेतं, आणि मग आपण ते विसरतो. त्यापेक्षा परातीत किंवा सिंकमध्ये गार पाणी घ्या, पातेलं त्यात ठेवा, बाहेरचं पाणी दुधाच्या पातळीपर्यंत येऊ द्या. पाच-सात मिनिटांनी पाणी कोमट होईल, ते बदला. मधून स्वच्छ डावाने ढवळा. साधारण अर्ध्या तासात भांडं हाताला कोमट लागतं. मग फ्रिजमध्ये.

मर्यादा अशी: उकळल्यापासून दोन तासांच्या आत दूध फ्रिजमध्ये हवं. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात एक तास. "गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवू नये" हे खरं, पण त्याचा अर्थ पूर्ण गार होईपर्यंत चार तास बाहेर ठेवायचं असा नाही.

तपासा:
- तापवलेलं दूध त्याच पातेल्यात राहू द्या. बदलायचंच असेल तर उकळत्या पाण्याने धुतलेल्या भांड्यात.
- निवताना झाकण किंचित कलतं ठेवा आणि वर जाळी. माशी बसू नये, वाफही निघावी.
- फ्रिज 4 अंशांच्या आसपास असावा. दारातल्या कप्प्यात दूध ठेवू नका, दार उघडझाप झालं की तिथलं तापमान वर जातं.

## ६. दिवसभर वापरताना

सकाळचं दूध संध्याकाळी कॉफीला लागतं. लागेल तेवढंच स्वच्छ कोरड्या डावाने काढून घ्या आणि पातेलं लगेच आत. अख्खं पातेलं बाहेर काढून चहा होईपर्यंत ओट्यावर ठेवणं, मग आत, मग पुन्हा बाहेर, असं पाच वेळा झालं की फ्रिज असून नसल्यासारखा. मुलाने अर्धा प्यालेल्या पेल्यातलं दूध पातेल्यात परत जात नाही. चमचा चाटून पुन्हा सायीत घालणाऱ्यांची वेगळी शाळा घ्यावी लागते.

उकळलेलं सुटं दूध फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत संपवा. कालचं आणि आजचं एकत्र करू नका. आंबूस झालेलं कालचं पावभर दूध आजचे दोन लिटर नासवतं.

फ्रिज नसेल, किंवा लोडशेडिंग लांबलं, तर दूध कमी घ्या. सकाळी उकळलेलं दूध दुपारी आणि संध्याकाळी पुन्हा पूर्ण उकळा, मधे गार पाण्यात ठेवा, आणि रात्री उरलेलं विरजा. उकळलेल्या दुधाचं दही दुधापेक्षा बरं टिकतं.

बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने दूध द्या. बाटलीचं बूच आणि तोटी आतून नीट स्वच्छ होत नाही. एक वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये, उकळलेलं असलं तरी. आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

## ७. निरसं दूध कुठून चोरून येतं?

चीक आणि खरवस. चीक उकळला की घट्ट होऊन फाटतो, म्हणून तो उकडतात. अडचण इथेच आहे, कारण वरून थरथरणारा खरवस मधे कच्चा असू शकतो. डबा खोल असेल तर जास्तच. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. कुकरला शिट्टी न लावता पाण्याला उकळी आल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं, आणि मग मधोमध सुरी घालून बघा. ओली निघाली तर पुन्हा ठेवा. डोळे मिटून कच्चा चीक चाखायचा पोरांचा खेळ बंद करा. ब्रुसेलाचे जंतू व्यायच्या वेळी सर्वांत जास्त बाहेर पडतात.

याच कारणाने ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांच्यासाठी: गाय-म्हैस गाभडली, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तर तिचं दूध घरातल्या कुणीही निरसं पिऊ नये. पडलेलं वासरू आणि वार उघड्या हातांनी उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस असते.

शेळीचं दूध. "शेळीचं दूध औषधी, तापवलं की गुण जातो," हे मी धनगर वस्तीवर आणि पुण्यातल्या उच्चभ्रू सोसायटीतही ऐकलं आहे. शेळीतला ब्रुसेला माणसाला गाईतल्यापेक्षा जास्त त्रास देतो. डेंग्यूत शेळीचं निरसं दूध पाजणं तर एका आजारात दुसरा ओढवून घेणं.

पंचामृत. दूध, दही, तूप, मध, साखर. यातलं दूध बहुतेकदा निरसं असतं, कारण "पूजेला तापवलेलं चालत नाही" असा अनेक घरांचा नियम. ज्यांना अभिषेकाला निरसंच हवं त्यांनी अभिषेकाचं वेगळं ठेवावं आणि तीर्थाचं पंचामृत उकळून निवलेल्या दुधाचं करावं. श्रावणी सोमवारी पिंडीवरून वाहून परातीत साचलेलं दूध तीर्थ म्हणून मुलांना देऊ नये. त्यात बेल, फुलं, शंभर हात आणि दुपारचं ऊन असं सगळं उतरलेलं असतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेला पंचामृत लावूच नका, मधामुळेसुद्धा.

दही, लोणी, ताक, पनीर. आंबटपणाने जंतू मरतात हा समज अर्धा खरा आहे. काही मरतात. ई. कोलायचे काही प्रकार आणि ब्रुसेला आंबट दुधातही दिवसचे दिवस टिकतात. म्हणून दही उकळून बोट सोसेल इतक्या कोमट केलेल्या दुधाचंच. ताक करताना पाणी आणि बर्फ उकळलेल्या किंवा नीट शुद्ध केलेल्या पाण्याचा. बाहेरच्या ताकात मला दह्यापेक्षा बर्फाची जास्त भीती वाटते. आठवडाभर साठवलेल्या सायीचं लोणी कढवून तूप केलं की प्रश्न मिटतो. तेच लोणी मुलाच्या भाकरीवर घालायचं असेल तर साय फ्रीजरमध्ये साठवा आणि लोणी दोन दिवसांत संपवा. सुट्या पनीरचा उगम माहीत नसेल तर ते न शिजवता खाऊ नका.

गरोदर बाईने यातलं काहीच निरसं घेऊ नये. लिस्टेरिया नावाचा जंतू तिला किरकोळ तापावर सोडून देतो आणि गर्भाला मारू शकतो.

## ८. उकळूनही जे जात नाही

उकळण्याने जंतू जातात, भेसळ जात नाही. युरिया, डिटर्जंट, जनावराला टोचलेल्या औषधांचे अंश, बुरशी लागलेल्या पेंडीतून आलेलं विष हे सगळं तसंच राहतं. दूध उकळून निवल्यावरही एखाद्याला दर वेळी गॅस आणि पातळ शौच होत असेल, पण ताप नसेल, तर ते दुधातली साखर न पचण्याचं असू शकतं, आणि त्यावर जास्त उकळणं हा उपाय नाही.

## ९. त्रास झालाच तर

जुलाब सुरू झाले की पहिल्या शौचापासून ओआरएस द्या. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवा, अर्धं पाकीट अंदाजाने नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा. अंगावरचं दूध चालू ठेवा. मुलाला झिंकच्या गोळ्या 14 दिवस द्यायच्या असतात, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. डोस डॉक्टर वयानुसार सांगतील.

शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, मूल सुस्त किंवा काहीच पोटात ठरत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी घरी थांबू नका.

ब्रुसेलाचा आजार जुलाबासारखा दिसत नाही, म्हणून तो हुकतो. संध्याकाळी चढणारा आणि आठवडे रेंगाळणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे दुखणं. टायफॉइड-मलेरियाच्या तपासण्या होत राहतात आणि काही सापडत नाही. अशा तापात डॉक्टरांनी विचारलं नाही तरी गेल्या काही महिन्यांत निरसं दूध किंवा कच्चा चीक घेतला होता का, घरच्या गोठ्यात एखादं जनावर गाभडलं होतं का, हे आपणहून सांगा. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लिहून द्यावी लागते.